चषकाचं नाव ठरवताना

आमच्या भागातल्या काही शाळांनी मिळून मैदानी स्पर्धा सुरू करायचं ठरवलं, तेव्हा पैशांआधी चषक आला. सहभागी शाळांपैकी एका शाळेच्या माजी विद्यार्थ्याने स्वतःहून निरोप पाठवला की सर्वसाधारण विजेतेपदाचा फिरता चषक मी देतो, शिवाय सुरुवातीच्या वर्षांची पदकंही देतो. अट कसलीच नव्हती. तरीही समन्वय समितीच्या पहिल्याच बैठकीत एका मुख्याध्यापकांनी गृहीत धरल्यासारखं विचारलं, "म्हणजे नाव त्यांच्या वडिलांचं द्यायचं ना?" सचिव या नात्याने मी ते टिपणात लिहून घेतलं आणि त्या प्रश्नावर आमच्या बऱ्याच बैठका गेल्या.

नाव द्यायला माझा विरोध होता. त्याचं कारण दात्यांच्या हेतूबद्दलची शंका नव्हती. ते एका सहभागी शाळेचे माजी विद्यार्थी होते. त्यांच्या घराण्याचं नाव त्या शाळेच्या सभागृहावर आहे, ग्रंथालयावर आहे. तेच नाव स्पर्धेवर आलं असतं, तर बाकीच्या शाळांची मुलं पहिल्या दिवसापासून दुसऱ्याच्या मैदानावर पाहुणी म्हणून धावली असती. ती शाळा जिंकली की "त्यांचाच कप, त्यांनीच घेतला", आणि हरली की "स्वतःचा कप सांभाळता आला नाही", असं ऐकावं लागलं असतं. दुसरं असं की स्पर्धा चालते ती चषकावर नव्हे. दरवर्षीचं मैदान, पंच, रुग्णवाहिका, चुना, प्रमाणपत्रं, पाणी हा सगळा भार शाळा वर्गणीतून उचलणार होत्या. एकदाच दिलेल्या वस्तूचं नाव कायमचं लागलं, की पुढे पदकांसाठी किंवा मॅटसाठी मदत मागायला गेल्यावर लोक विचारतात, "ती तर अमक्यांची स्पर्धा आहे, मग आमच्याकडे कसे?"

हे दात्यांना सांगायला मी आणि आमच्या अध्यक्षा मॅडम एकत्र गेलो. मॅडमनी गोल गोल न बोलता सांगितलं, "काका, चषक तुमचा आम्हाला हवा आहे. पण तो सगळ्या शाळांचा वाटायला हवा, म्हणून त्याला कोणाही व्यक्तीचं नाव द्यायचं नाही, असं आमच्या मनात आहे." ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "माझं नको, पण आईचं दिलंत तर?" अशा चर्चेत हा प्रश्न हमखास येतो, म्हणून त्याचं उत्तर बैठकीला जाण्याआधी ठरलेलं असावं. आई, वडील, आजोबा, घराण्याचं आडनाव, उद्योगाचं नाव, उद्योगाच्या बोधचिन्हाचा रंग, नावाची आद्याक्षरं या सगळ्या वाटांनी दात्याचंच नाव परत येतं. आम्ही त्यांना नम्रपणे नाही म्हणालो, आणि त्याच वेळी त्यांची आठवण कुठे आणि कशी राहील हेही सांगितलं. नुसता नकार घेऊन गेलो असतो तर बोलणं तिथेच संपलं असतं.

खरी अडचण त्यानंतर सुरू झाली. दात्याचं नाव लावायचं नाही असं ठरवलं, म्हणजे काम झालं असं समितीतल्या अनेकांना वाटत होतं. कागदावर एक निर्दोष नाव तयारही झालं: "आंतरशालेय मैदानी क्रीडा स्पर्धा सर्वसाधारण विजेतेपद फिरता चषक". त्यात चुकीचं काहीच नव्हतं, फक्त ते कोणाच्याही तोंडात बसणारं नव्हतं. आणि एवढं लांब नाव दिलं की लोक आपलं आपण छोटं नाव शोधतात, आणि छोट्या नावाची जागा बहुतेक वेळा दात्याकडे जाते.

याची साक्ष खेळांच्या इतिहासात आहे. कॅनडाचे गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅनली यांनी १८९२ साली आइस हॉकीसाठी चांदीचं भांडं देऊ केलं. त्याच्या एका बाजूला अधिकृत नाव कोरलं होतं, "डोमिनियन हॉकी चॅलेंज कप", आणि दुसऱ्या बाजूला "स्टॅनली ऑफ प्रेस्टन यांच्याकडून" अशा अर्थाचे शब्द. आज जग त्याला फक्त स्टॅनली कप म्हणतं. टेनिसमध्येही तेच झालं. १९०० साली सुरू झालेल्या सांघिक स्पर्धेचं नाव होतं "इंटरनॅशनल लॉन टेनिस चॅलेंज". चषक ड्वाइट डेव्हिस यांनी दिला होता. लोक डेव्हिस कप म्हणत राहिले आणि पुढे अधिकृत नावही तेच झालं. दोन्ही ठिकाणी स्पर्धेला दात्याचं नाव दिलेलं नव्हतं. पण अधिकृत नाव लांब होतं, दात्याचं नाव छोटं होतं आणि ते सगळ्यांना माहीत होतं.

ही दोन उदाहरणं मी बैठकीत सांगितली, तेव्हा एका सरांनी रणजी करंडकाची आठवण करून दिली. तो करंडक पतियाळाच्या महाराजांनी दिला, पण नाव क्रिकेटपटू रणजितसिंहजींचं लागलं, आणि १९३४ साली "क्रिकेट चॅम्पियनशिप ऑफ इंडिया" म्हणून सुरू झालेली स्पर्धा आज त्याच नावाने ओळखली जाते. म्हणजे दात्याचं नाव टाळता येतं, पण त्याजागी तेवढंच छोटं दुसरं नाव द्यावं लागतं. एखाद्या धावपटूचं नाव घ्यावं, अशीही सूचना आली. ती आम्ही बाजूला ठेवली. जिवंत खेळाडू असेल तर त्यांची लेखी संमती लागते आणि पुढे कधी वाद उद्भवला तर शाळा अडकतात. दिवंगत असेल तर कुटुंबीयांची परवानगी घ्यावी लागते. आणि कोणता खेळाडू निवडायचा यावर शाळाशाळांमध्ये जी ओढाताण सुरू होते, ती दात्याच्या नावापेक्षा कमी नसते.

मग आम्ही स्पर्धेचं नाव आणि चषकाचं नाव वेगळं केलं. माझ्या मते या सगळ्या प्रक्रियेत सर्वांत उपयोगी निर्णय हाच होता. स्पर्धेचं नाव साधं आणि वर्णनात्मक ठेवायचं, कारण ते परवानगीच्या अर्जावर, विम्याच्या कागदावर आणि शाळांच्या पत्रव्यवहारात लागतं. तिथे कोणालाही वाचून कळलं पाहिजे की हे काय आहे. चषकाचं नाव मात्र मुलांनी घ्यायचं नाव. ते छोटं हवं, त्याचा अर्थ त्या बक्षिसाशी जुळायला हवा आणि मैदानावर ओरडून म्हणता आलं पाहिजे.

स्पर्धेच्या नावातून आम्ही काही शब्द विचारपूर्वक काढले. गावाचं नाव काढलं, कारण यजमानपद फिरतं आहे. शाळांची संख्या काढली, कारण नवी शाळा आली की नाव खोटं ठरतं. "वार्षिक" काढलं, कारण एखादं वर्ष पावसाने किंवा परीक्षांनी गेलं तर तो शब्द नडतो. त्याच कारणाने "पहिली", "दुसरी" असा क्रम न लावता फक्त साल लावायचं ठरलं. क्रमांकात एक वर्ष चुकलं की पुढच्या सगळ्या प्रमाणपत्रांवरून वाद होतात, सालाचं तसं होत नाही. "क्रीडा" हा शब्दही गेला, कारण त्यात कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सगळं बसतं आणि पुढे कोणीतरी विचारतं की आमचा खेळ का नाही. उरलं ते एवढंच: "आंतरशालेय मैदानी स्पर्धा", आणि पुढे साल.

चषकाच्या नावासाठी मुलांकडून सूचना मागवल्या. मशाल, विजय, सुवर्ण, वेग, गरुड अशी नावं भरपूर आली. "बॅटन" हे नाव मला मनापासून आवडलं होतं. फिरता चषक दरवर्षी एका शाळेकडून दुसरीकडे जातो, बॅटनही एका धावपटूकडून दुसऱ्याकडे जातं, ते चांगलं जुळत होतं. पण एका क्रीडाशिक्षिका बाईंनी बिनतोड मुद्दा मांडला, "सर, बॅटन चषक म्हटलं की मुलांना तो रिलेचाच वाटणार." बरोबर होतं. "वेग"ची तीच गत, कारण गोळाफेकीतल्या मुलीने मिळवलेले गुण त्या नावात येत नाहीत. नाव ज्या बक्षिसाला द्यायचं, ते बक्षीस कशासाठी आहे हे आधी एका वाक्यात लिहावं लागतं. आमचं वाक्य असं होतं: धावणे, उड्या, फेक आणि रिले या चारही गटांत मिळून सर्वाधिक गुण मिळवणारी शाळा. हे वाक्य फळ्यावर लिहिल्यावर त्याच बाई म्हणाल्या, "मग चौफेर म्हणा की." चौफेर चषक. त्यावर फारसं कोणी काही बोललं नाही, लोक नुसतं म्हणून पाहू लागले.

तरीही आम्ही ते लगेच पक्कं केलं नाही. चषकाच्या आकाराचा एक नमुना टेबलावर ठेवला, त्यावर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या आणि दुसऱ्या शाळेतल्या, चर्चेत नसलेल्या मुलांना एकेक करून आत बोलावलं. पहिल्या नमुन्यावर वर लांब अधिकृत नाव होतं आणि खाली त्याच मापाच्या अक्षरांत "यांच्याकडून भेट" म्हणून एक काल्पनिक नाव. दाराशी उभं राहून मुलांना विचारलं, "हा कुठला कप?" जवळजवळ प्रत्येकाने खालचं आडनावच सांगितलं. दुसऱ्या नमुन्यावर भांड्याच्या मध्यभागी मोठ्या अक्षरांत फक्त "चौफेर चषक" होतं, आणि दात्याचं नाव लाकडी बैठकीच्या मागच्या बाजूला. आता मुलं "चौफेर" म्हणाली. दात्यांचं नाव अजूनही चषकावर होतं, कोणी लपवलं नव्हतं. फरक पडला तो जागेचा आणि अक्षरांच्या मापाचा.

कोरणाऱ्या कारागिराला सूचना देताना मग हेच लिहून दिलं. "चौफेर चषक" थेट भांड्यावर कोरायचं, पट्टीवर नाही. पट्टी चिकटवलेली असते, सुटू शकते आणि बदलतासुद्धा येते. बैठकीच्या पुढच्या आणि बाजूच्या पट्ट्या विजेत्या शाळांसाठी रिकाम्या. मागच्या बाजूला एक ओळ, "चषकाची भेट", दात्याचं नाव आणि साल, विजेत्या शाळांच्या नावांपेक्षा लहान अक्षरांत. कोरण्याआधी कारागिराकडून प्रत्यक्ष मापाचा कागदी नमुना मागवला आणि त्यातलं प्रत्येक अक्षर दोघांनी मोठ्याने वाचून तपासलं. धातूवरची वेलांटी नंतर दुरुस्त होत नाही.

नाव ठरल्यावर एक अनपेक्षित गोष्ट झाली. त्या नावाने गुणपद्धतीला जाब विचारला. आदल्या वर्षी शाळांनी मिळून चषकाशिवाय एक मैत्रीपूर्ण स्पर्धा घेतली होती, तिचा गुणतक्ता आमच्याकडे होता. पहिल्या तिघांना ५, ३ आणि १ गुण, रिलेला दुप्पट, अशी तेव्हाची पद्धत. त्या तक्त्यात एका शाळेला धावण्यात ४१, रिलेत १६, उड्यांत ३ आणि फेकीत शून्य, एकूण ६० गुण होते. दुसरीला धावण्यात २२, रिलेत १२, उड्यांत ११ आणि फेकीत १२, एकूण ५७. या हिशेबाने चौफेर चषक अशा शाळेकडे गेला असता, जिला फेकीत एकही गुण मिळालेला नव्हता. मुलांनी पहिल्याच वर्षी विचारलं असतं की मग हा चौफेर कसा?

म्हणून चषकासाठी पात्रतेची अट घातली: चारही गटांत किमान एक गुण हवा. त्यावर लहान शाळांचा आक्षेप आला आणि तो रास्त होता. पहिल्या तिघांनाच गुण मिळत असतील, तर ज्या शाळेकडे फेकीचे प्रशिक्षक नाहीत तिला तो एक गुण मिळवणंही कठीण. तेव्हा गुण पहिल्या सहापर्यंत नेले: ७, ५, ४, ३, २, १. रिले दुप्पटच राहिली. शिवाय एका प्रकारात एका शाळेचे दोनच खेळाडू, म्हणजे मोठ्या शाळेला सहाही जागा अडवता येणार नाहीत. आता थाळीफेकीत सहाव्या आलेल्या मुलाचा एक गुण त्याच्या शाळेला चषकाच्या शर्यतीत ठेवतो. पहिल्या वर्षी शेवटच्या फेरीआधी एका शाळेचे शिक्षक गोळाफेकीच्या वर्तुळापाशी वही घेऊन उभे होते, ते मला आठवतं. त्यांना पदकाची आशा नव्हती, ते सहाव्या क्रमांकावर नजर ठेवून होते. नावामुळे हे घडलं याचा मला फार आनंद आहे.

देणगीपत्राचा मसुदा मी केला आणि तो एका वकील पालकांकडून तपासून घेतला. पत्र लांबलचक नव्हतं, पण काही गोष्टी त्यात स्पष्ट लिहिल्या. भेट परत न घेण्याची आहे. चषकाची मालकी समितीची, कोणा एका शाळेची नाही. चषकाचं आणि स्पर्धेचं नाव ठरवण्याचा आणि बदलण्याचा अधिकार समितीचा. दात्यांची नोंद बैठकीच्या मागच्या ओळीत आणि स्पर्धेच्या नोंदवहीच्या पहिल्या पानावर कायम राहील, पुढे दुसऱ्या कोणी मदत केली तरी ती पुसली जाणार नाही. शेवटच्या वाक्याने काकांचं समाधान झालं असं मला वाटलं. त्यांना मोठं नाव नको होतं, विसरलं जाऊ नये एवढंच हवं होतं. ते दोन्ही वेगळं आहे, हे चर्चेला बसल्यावर कळतं.

त्याच पत्रात आणखी एक कलम होतं, सलग किंवा एकूण कितीही वेळा जिंकला तरी चषक कोणाकडे कायमचा जाणार नाही. फुटबॉल विश्वचषकाचा जुना चषक, ज्याला १९४६ पासून फिफाचे तेव्हाचे अध्यक्ष ज्यूल रिमे यांचं नाव होतं, तो तीन वेळा जिंकणाऱ्या देशाला कायमचा देण्याचा नियम होता. १९७० साली ब्राझीलने तो घेतला, आणि नव्या चषकाबरोबर रिमे यांचं नाव पुढे आलं नाही. शाळांच्या स्पर्धेत एखादी शाळा ओळीने जिंकली तर असंच होईल, आणि मग नवा चषक कोण देणार, त्याचं नाव काय, ही सगळी चर्चा पुन्हा पहिल्यापासून. म्हणून आम्ही लिहून ठेवलं की "चौफेर चषक" हे बक्षिसाचं नाव आहे. चषक हरवला, फुटला किंवा बदलला तर नवीन चषकालाही तेच नाव लागेल, मग तो कोणीही देवो. जिंकणाऱ्या शाळेला ठेवायला लहान प्रतिकृती दिली जाते.

प्रायोजकांसाठीचा नियम वेगळा करावा लागला, कारण धोका तिथून पुन्हा येतो. कोणी पाण्याची सोय केली, कोणी टी-शर्ट दिले, की फलकावर "अमुक प्रस्तुत आंतरशालेय मैदानी स्पर्धा" असं छापायची मागणी येते. आमच्या नियमात स्पर्धेच्या नावाच्या आधी, मध्ये किंवा लगेच खाली कोणतंही नाव येत नाही. फलकाच्या तळाशी "सहकार्य" अशी एक पट्टी असते, तिथे सगळी नावं सारख्या मापात आणि अकारविल्हे. छातीवरच्या क्रमांकाच्या कापडावर काहीच नाही. मुलं धावतानाचे फोटो वर्षानुवर्षं राहतात, आणि फोटोत सर्वांत ठळक जे दिसतं तेच नाव पुढे चालतं.

बक्षीस कोणी द्यायचं, यावरही नाव टिकणं अवलंबून असतं. दरवर्षी दात्यांच्या हस्ते चषक दिला गेला, तर निवेदक दरवर्षी त्यांची ओळख करून देणार आणि चौफेरचा पुन्हा "त्यांचा कप" होणार. पहिल्या वर्षी काका व्यासपीठावर होते, त्यांचा सत्कार झाला, पण चषक तीन शाळांच्या कर्णधारांनी मिळून विजेत्यांच्या हाती दिला. त्यानंतर मागच्या विजेत्या शाळेचा कर्णधार नव्या कर्णधाराला देतो. निवेदकाला छापील कागद दिला जातो, त्यावर चषकाचं नाव जसं घ्यायचं तसंच लिहिलेलं असतं. ऐन वेळी व्यासपीठावर उत्साहाच्या भरात कोणीही विशेषणं जोडतं, म्हणून हा कागद गरजेचा आहे.

तरी गळती होतेच. पहिल्या वर्षी एका शाळेच्या सूचना फलकावर दात्यांच्या आडनावाचा कप म्हणून बातमी लागली, आणि एका स्थानिक बातमीतही तेच छापून आलं, कारण बातमीदाराने कोणाला तरी "कप कोणी दिला?" असं विचारलं होतं. दोन्हीकडे मी त्याच दिवशी फोन केला आणि दुरुस्ती करून घेतली. तेव्हापासून निकालाआधीच एक छोटं प्रसिद्धिपत्रक तयार असतं, फक्त विजेत्याच्या नावाची जागा रिकामी. बातमीत कोणतं नाव जाईल हे बहुतेक वेळा बातमीदाराच्या हातात पहिल्यांदा कोणता कागद पडतो यावर ठरतं. सुरुवातीची दोन-तीन वर्षं हे डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं, त्यानंतर मुलंच मोठ्यांना सुधारतात.

सध्या आमच्यापुढे एक नवं पत्र आहे. एका कुटुंबाला सर्वोत्कृष्ट खेळाडूसाठी ढाल द्यायची आहे, त्यांच्या मुलाच्या स्मरणार्थ. तो मुलगा आमच्याच एका शाळेकडून लांब उडी मारायचा. हा प्रश्न मागच्यापेक्षा कठीण आहे, कारण इथे दाता आणि खेळाडू वेगळे काढता येत नाहीत. समितीचं मत अजून बनलेलं नाही. माझा प्रस्ताव असा आहे की ढालीला लांब उडीशी जोडणारं नाव द्यावं, ती लांब उडीतल्या विजेत्यालाच मिळावी आणि मागच्या बाजूला त्या मुलाने स्पर्धेत मारलेली त्याची सर्वांत लांब उडी मीटरमध्ये कोरावी, नावासकट. त्याच्या आईवडिलांना मी पुढच्या आठवड्यात भेटणार आहे, आणि कागदावरचा नमुना सोबत नेणार आहे.